सतरा गरजांचं पत्र

बेंजामिन सरांनी देणगीच्या पत्रात सतरावी गरज घातली, तेव्हा मी पेन टेबलावर आपटलं. आमचं शेवगावजवळचं वसतिगृह ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन जातात, पोरं आमच्याकडे राहून शिकतात. निदान ठरलंय तसं.

"दया, कंपाऊंडची भिंत राहिली. हनुमंतरावांनी सुचवलीय."

ही आमची रीत. प्रत्येक विश्वस्ताची एक गरज पत्रात आलीच पाहिजे, नाहीतर माणूस फुगून बसतो. गेल्या वर्षी कुणीतरी भिंतीवरची घड्याळं सुचवली. यादीत सगळ्यात स्वस्त तीच, म्हणून देणगीदारांनी तीच पाठवली. धान्य कुणी दिलं नाही. जानेवारीत स्वयंपाकघर बंद, आणि चौथीतली ज्ञानेश्वरी आईमागं फडात. टिकटिक ऐकून पोट भरतं का?

"सर, एकाच पोरीबद्दल लिहू. एकच गोष्ट मागू, जेवण."

"बाकीचं काय आपल्याला नकोय?"

"हवंय. पण सतरा गोष्टी वाचून माणूस पत्र बाजूला ठेवतो."

ज्ञानेश्वरीची आई राहीबाई दारात येऊन उभी होती. "बाई, परवा मुकादमाचा टेम्पो हाय. पोरगी ठिवू का न्हेऊ?"

सर कागदात बघत बसले. मीच विचारलं, "ज्ञानेश्वरीची गोष्ट देणगीच्या पत्रात लिहिली तर चालंल का?"

"ल्ह्या. पर नाव नगा घालू."

"रडतानाचा एखादा फोटो मिळाला तर..." सर म्हणाले.

"रडकी कशापायी दावता, सर? फडात बी भावाला मांडीवर घिऊन पाढे म्हनायची ती."

मी तिथंच लिहून वाचून दाखवलं : 'गेल्या जानेवारीत आमचं स्वयंपाकघर बंद पडलं. चौथीतली एक मुलगी शाळा सोडून उसाच्या फडात गेली. तिथं भावाला मांडीवर घेऊन ती पाढे म्हणायची. आता ती परत आली आहे. तिच्यासारख्या एका मुलाचं सहा महिन्यांचं जेवण नऊ हजार रुपयांत होतं. ते या महिन्यात द्या.'

"'बंद पडलं' काढ. संस्थेची अब्रू जाते."

"अब्रू जानेवारीतच गेली, सर! ते काढलं तर पोरगी फडात का गेली, हे कसं कळणार? आणि भिंत घातली तर लोक पुन्हा भिंतच बघत बसतील."

राहीबाई अजून दारातच. शेवटी सरांनी मोबाईल उचलला. "हनुमंतराव, भिंत नाही येणार पत्रात... नाही, कुणाचंच नाही... रागवा, काय रागवायचं ते." पलीकडचा आरडाओरडा आम्हा दोघींनाही ऐकू आला.

फोन ठेवून ते म्हणाले, "राहीबाई, पोरीला ठेवा."

"अन् पैसं न्हाई आलं तर?"

"तर तिला रोज हनुमंतरावांच्या घरी जेवायला पाठवतो," सर तावातावानं म्हणाले. "दया, पत्र छापायला दे. आत्ता. कुणी अठरावी गरज घेऊन यायच्या आत."