आईच्या शेवग्याची फांदी

माहेरच्या वावरातला आपला हिस्सा सुभद्रेने एका सहीत सोडून दिला आणि मोबदल्यात मागितली काय, तर शेवग्याची एक फांदी. नवऱ्याने, सूर्यभानने, तेव्हाच कपाळाला हात लावला होता. पण त्या घरात भावाच्या शब्दापुढे नवऱ्याचं कधी फारसं चाललं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई पौषात गेली आणि मृग लागता लागता धाकट्या भावाने, खुशालने, हक्कसोडीचे कागद तयार केले. दर्यापूरच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर, चहाच्या टपरीवर, सुभद्रा म्हणाली, "मले वावर नको बाबू. आईच्या शेवग्याची एक फांदी दे. मी गच्चीवर लावतो."

"एक काहून, दोन घे," खुशाल म्हणाला. "उद्याच धाडतो."

सही झाल्यावर तिला घरी जाऊन झाड पाहायचं होतं. खुशाल म्हणाला, घरी रंगाचं काम चालू हाये, बसाले जागा नाही, तू सरळ अमरावतीची बस धर. ती आली. भाऊ बहिणीच्या पायाला धूळ लागू देत नाही, याचं तिला कौतुकच वाटलं.

माहेरी शेवग्याची झाडं दोन. एक विहिरीपाशी, आईने लावलेलं. त्याच्या शेंगा इतक्या गोड की वरणात गुळाचा खडा टाकायची गरज नसे. दुसरं गोठ्यामागे, आपोआप उगवलेलं, कडू. त्याचा पाला बकऱ्यांना जायचा आणि शेंगा वाळून खाली पडायच्या. लहानपणी खुशालने एकदा पैज लावून ती कडू शेंग चावली होती आणि दिवसभर थुंकत फिरला होता. घरात वर्षानुवर्षं ही गोष्ट सांगून हसायचे.

फांदी आली ती दर्यापूरच्या बसच्या टपावरून. मनगटाएवढी जाड, कमरेएवढी लांब, दोन्ही टोकं नीट तासलेली. सुभद्रेने ती लगेच लावली नाही. चार दिवस जिन्याखालच्या सावलीत ठेवली, कापलेली जागा सुकू दिली. ओला काप मातीत गेला तर फांदी सडते, हे तिला आईकडून ठाऊक होतं. तोवर सूर्यभानकडून निळा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून घेतला, बुडाला आठ-दहा भोकं पाडून घेतली. नुसती काळी माती पाणी धरून बसते, म्हणून निम्मी रेती मिसळली, वर शेणखत. तळाशी विटांचे तुकडे. मग फांदीचा तिसरा हिस्सा मातीत गाडला, वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापला आणि आजूबाजूची माती पायाने दाबली.

अमरावतीत राजापेठेतल्या तिच्या घराच्या खाली ट्यूशनचे क्लास होते. दिवसभर पोरांच्या गाड्या चालू-बंद होत. वर गच्चीवर ही बाई रोज एका सुक्या दांड्यासमोर बसलेली. सूर्यभान म्हणायचा, "त्या लाकडाले तू आरती ओवाळाची बाकी राहिली." ती लक्ष देत नसे. फांदी हलवून मूळ धरलं का ते पाहायची फार इच्छा व्हायची, पण नवी मुळं तेवढ्यानेच तुटतात, म्हणून हात आवरून धरायची. पावसाची झड लागली की ड्रमच्या तोंडावर गोणपाट बांधायची. विसाव्या-बाविसाव्या दिवशी सालीतून हिरवे टिपके फुटले. त्या दिवशी तिने भावाला फोन केला. एकेक टिपका मोजून सांगितला.

कोंब डझनभर निघाले. तिने चारच ठेवले, चार दिशांना, बाकीचे अंगठ्याने खुडले. ते चार हातभर झाले की शेंडे मोडले, त्यातून फूट आली, तिचेही शेंडे मोडले. शेवगा आपल्या मर्जीवर सोडला तर बांबूसारखा वर पळतो, शेंगा शेंड्याला लागतात आणि हाती लागेपर्यंत त्यांचं लाकूड होतं. पहिल्या माघात फुलं आली ती सगळी झडली. फुलोऱ्यात पाणी जास्त झालं, चूक तिचीच होती. मृगाआधी तिने झाड कमरेपर्यंत छाटलं. शेजारच्या बायका हळहळल्या, पण शेंग धरते ती नव्या फुटीवर, जुन्या लाकडावर नाही, हे त्यांना कोण सांगणार.

या सगळ्या काळात खुशाल दर भाऊबीजेला स्वतः अमरावतीला यायचा. "तू काहून बसचे धक्के खातं ताई, मी हाओ ना." सुभद्रा हे कौतुकाने गल्लीभर सांगायची.

दुसऱ्या वर्षी पाणी मोजून दिलं, फुलं टिकली आणि फाल्गुनात शेंगा लटकल्या. पेन्सिलीएवढ्या झाल्या, वाकवल्या की कटकन मोडायला लागल्या, तेव्हा तिने पहिल्या अकरा शेंगा काढल्या. वरणात टाकल्या. सूर्यभानने एक तुकडा चोखला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"कडू हाये," तो म्हणाला.

तिने खाल्ली. कडू होती, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारी.

माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्याच्याआधी स्वतःला दोष देतो. सुभद्रेने दोष दिला निंबोळी पेंडीला. किडीसाठी तिने ड्रममध्ये दोन ओंजळी पेंड टाकली होती. कडूपणा तिचाच असणार. तिने वरची वीतभर माती काढून नवी भरली, शेंगा संपल्यावर झाड पुन्हा कमरेपर्यंत छाटलं, पेंडीचं नाव टाकलं. वर्षभर झाडाला शेणखताशिवाय काही दाखवलं नाही. आणि यंदाच्या फाल्गुनात पुन्हा शेंगा आल्या, मागच्यापेक्षा दुप्पट, कोवळ्या, शिरा न धरलेल्या, पाहूनच तोंडाला पाणी सुटावं अशा. तिने एक कच्चीच चावली. कडू.

चांदूर बाजाराहून भाजी घेऊन राजापेठेत बसणारी जयवंता तिच्या ओळखीची. सुभद्रा चार शेंगा पदरात घालून तिच्याकडे गेली. जयवंताने एक मोडली, चावली आणि रस्त्यावर थुंकली.

"हे झाडच कडू हाये, बाई."

"पेंड टाकली होती मी. दोन वर्षं झाले."

"पेंडीनं कीड मरते, शेंग कडू होत नाही. बियाचं लावलं काय?"

"फांदीचं."

"मंग झालं. बियाचं झाड कसंबी निघते. फांदीचं जसं बापाचं तसंच लेकाचं. ज्या झाडाची तोडली ते झाडच कडू असन." तिने उरलेल्या शेंगा परत केल्या. "तोडून टाका. जागा अडून राहिली."

घरी येईपर्यंत सुभद्रेच्या मनात गोठ्यामागचं झाड उभं राहिलं होतं. तरी तिने मनातसुद्धा त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. गड्याला सांगितलं असेल, गड्याने चुकून भलत्याच झाडाची तोडली असेल. खुशालला काय ठाऊक. ती तसं सूर्यभानला म्हणालीही. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. या बाबतीत बोलायचं त्याने तीन वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

मग चैत्रात खुशालचा फोन आला. पोरीचं लग्न ठरलं, मे महिन्याच्या तेरा तारखेला. पत्रिका द्यायला तो आणि त्याची बायको जमुना, दोघंही येणार. सुभद्रेने त्या सकाळी गच्चीवर जाऊन कोवळ्यात कोवळ्या वीस शेंगा काढल्या. सूर्यभान जिन्यात उभा होता.

"त्याले हे खाऊ घालतं?"

"हो. त्यानं तोंड वाकडं केलं, कडू म्हणला, तर त्याले काहीच ठाऊक नव्हतं. मंग माह्या मनात काहीच नाही. तुमी बोलू नका फक्त."

एवढंच तिला हवं होतं. एकदा त्याने थुंकावं. लहानपणी थुंकला होता तसं.

पाहुणे आले. जमुना ही भाऊजय साधी, पोटात काही न ठेवणारी. ताटावर बसता बसताच तिने लग्नाचा पाढा सुरू केला. "मांडव घरीच घालतो ताई. विहिरीपासल्या पोर्चमधी शंभर माणूस सहज बसते."

"पोर्च कवा बांधला?" सुभद्रेने विचारलं.

"तीन वर्षं झाले ना. सासूबाई गेल्या त्याच होळीले स्लॅब पडला. गाडी घ्याची होती न ह्यांले..."

खुशाल खोकला. जमुना थांबली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पापड मोडत बसली.

होळीला स्लॅब. मृगात सही. सुभद्रेच्या हातातली पळी क्षणभर पातेल्यातच राहिली. चहाच्या टपरीवर भाऊ 'एक काहून, दोन घे' म्हणाला तेव्हा विहिरीपाशी झाड नव्हतंच. त्याने सही होऊ दिली, मग गोठ्यामागे गेला आणि तिथली तासून धाडली. तरी तिच्या मनाने एक फट अजून उघडी ठेवली होती. कदाचित स्लॅब झाडाला वळसा घालून टाकला असेल. लोक टाकतात तसा.

तिने वरण वाढलं. शेंगा मुद्दाम जास्त वाढल्या.

"आपल्याच झाडाच्या हायेत, बाबू. आईच्या."

खुशालने शेंग उचलली, दाताखाली धरून ओढली. त्याचा जबडा मधेच थांबला. डोळ्याखालची कातडी आखडली. सुभद्रा त्याच्या ओठांकडे पाहत होती. थुंक, ती मनात म्हणत होती, थुंक रे बाबू. एकदा कडू म्हण, मी पोर्चही विसरते.

त्याने गिळलं.

"अगदी आईच्या झाडाची चव," तो म्हणाला. "गुळाचा खडा नको."

सूर्यभान पाण्याचा ग्लास हातात धरून तसाच बसला. जमुनेने एक तुकडा चाखला आणि पदराच्या कोपऱ्यात हळूच काढून ठेवला. सुभद्रेने पळी भरली.

"घे मंग अजून."

"बस झालं, ताई."

"आईच्या झाडाले नाही म्हणू नये."

त्याने खाल्ल्या. एकूण एक. प्रत्येक शेंगेनंतर घोटभर पाणी पिऊन, कपाळावर घाम येईपर्यंत. ती वाढत राहिली आणि तो खात राहिला, दोघांपैकी कोणीही थांबलं नाही. आई गेली तेव्हा माहेर संपलं असं लोक म्हणाले होते. तिने मानलं नव्हतं. ते संपलं ते आत्ता, तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्या डोळ्यांदेखत.

जाताना खुशालने पत्रिका हातात दिली, वाकून पाया पडला. "दोन दिस आधीच येजो ताई. आत्याबिगर हळद लागत नाही पोरीले."

"नाही जमणार," सुभद्रा म्हणाली. "तेरा तारखेले मले शेवगा छाटाचा हाये."

"झाडासाठी लग्न सोडतं?" तो हसायला गेला.

"आईचं झाड हाये ना, बाबू," ती म्हणाली. "तूच सांगितलं आता."

खुशाल चपला घालायला वाकला.