बाणाशेजारचा रकाना

ज्ञानेश्वर सरांच्या नोट्सचे फोटो आले की मी आधी वैतागते. पान तिरकं, वर त्यांच्या पत्नी मोहिनीकाकूंच्या मोबाईलची सावली. पण बारावीला केमिस्ट्री मला सरांनीच शिकवली, म्हणून जुन्नरच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात त्यांचं काम माझ्याच गळ्यात पडतं. पक्षाघात झाल्यापासून सर निमगाव सावाला घरी असतात आणि डाव्या हाताने नोट्स लिहितात. त्यांचं पुस्तक व्हावं, एवढ्या एकाच आशेवर ते सकाळी उठून बसतात.

त्यांचा नियम पक्का होता. "फोटोत हाय तेच टाईप करायचं, महेक. शहाणपणा न्हाई." एका ओळीत रिअॅक्शन, शेजारच्या रकान्यात रीएजंट आणि कंडिशन, म्हणजे कशात काय घालायचं आणि तापवायचं की नाही. प्रूफ हातात आलं की ते दोन्ही बाजूंचे अणू बोटांवर मोजत.

परवा टू-ब्रोमोप्रोपेनपासून प्रोपीन करायची पायरी आली:

CH₃CHBrCH₃ + KOH → CH₃CH=CH₂ + KBr + H₂O

समीकरण बॅलन्स होतं. शेजारच्या रकान्यात मात्र 'अॅक्वियस केओएच' लिहिलं होतं. पाण्यातल्या केओएचने मुख्यतः अल्कोहोल मिळतं. प्रोपीन हवं तर अल्कोहोलिक, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं केओएच घेऊन तापवायचं. हे सरांनीच आमच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. हात घसरला असेल, असं म्हणून मी मागचे फोटो उघडून एकेक तपासले. अणू सगळीकडे जुळत होते आणि रकाने जागोजागी चुकले होते.

मी काकूंना फोन केला.

"तू गुपचूप नीट कर गं," त्या म्हणाल्या. "त्यांना कळू देऊ नको. लई मनाला लावून घेतील."

मी सगळं दुरुस्त केलं आणि प्रूफ घेऊन स्वतःच निमगावला गेले.

सरांनी एका बाजूला कागद ठेवला, दुसऱ्या बाजूला मोबाईलमधला फोटो. अणू मोजले, मान हलवली. मग बोट रकान्यावर थांबलं.

"माझ्या फोटोत अॅक्वियस हाय."

"हो सर."

"बरोबर काय?"

"अल्कोहोलिक."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.

"आणखी किती ठिकाणी?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या रिकाम्या कपबश्या उचलून आत गेल्या. सरांना उत्तर मिळालं.

"झालं तेवढं छाप. पोरांच्या उपयोगी पडंल," ते म्हणाले. "कव्हरवर माझं नाव मात्र टाकू नको."

"सर, राहिलेले धडे?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"मला आता नुसतं मोजता येतंय, महेक."

दुकानात येऊन मी फाईल उघडली. कव्हरवरचं त्यांचं नाव खोडताना मला रडू आवरलं नाही. त्यानंतर काकूंच्या मोबाईलवरून एकही फोटो आलेला नाही.