बाटलीत मावला तेवढा पाऊस

सहा दिवसांच्या झडीनंतर श्रावणातल्या त्या रविवारी सकाळी ऊन पडलं, आणि काकडघाटाच्या पायथ्याशी सगळ्यांना एकदम घाई सुटली.

सुलभाने आदित्य राणूबाईचं व्रत धरलं होतं. चौकीच्या ओट्यावर उभं राहून तिने सूर्याला अर्घ्य दिलं, तांब्या पालथा घातला आणि फाटकाकडे पाहिलं. रस्ता अडवणारा लांब लाकडी दांडा आडवाच होता. त्याच्या अलीकडे सुरतहून आलेली एक बस उभी होती. नवागामातल्या मागावर काम करणारी खानदेशी माणसं कानबाई देवी बसवायला गावी, कळवणकडे निघाली होती. रात्र पडायच्या आत कानबाई घरात बसायला हवी, म्हणजे दुपारपर्यंत घाट चढायलाच हवा.

सुलभा सुरतेत वाढलेली, तिथल्याच बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलेली. नोकरी अजून कच्ची होती. पावसाळ्यापुरती तिला या चौकीवर पाठवलं होतं, आणि दांडा उचलायचा की नाही ते सांगणं हेच तिचं मुख्य काम.

त्याला नियम होता. काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वळणावर दरड पडून माणसं गेली, तेव्हा खात्याने जुन्या दरडींचा आणि पावसाचा हिशेब जुळवून तो बांधला होता. लागोपाठ तीन दिवसांचा पाऊस मिळून बारा इंच झाला की घाट बंद. मग पुढे पूर्ण एक दिवस कोरडा गेल्यावर डोंगरातून झिरपणारं पाणी पाहायचं आणि मगच उघडायचा. कागदोपत्री मिलिमीटर आले होते, पण तोंडात अजून इंचच होते.

नरसाळ्याखाली डब्यात ठेवलेल्या बाटलीत पाऊस धरून मोजायचे वरच्या गावच्या शाळेतले हिलाल गुरुजी. साडेआठला त्यांनी विश्रामगृहातून फोनवर आकडा कळवला. आधीचे दोन दिवस चार आणि चार, आज तीन. एकूण अकरा.

"म्हणजे बारा नाही," फाटकावरचा राघो म्हणाला. रात्रभराच्या सावधगिरीपायी त्याने दांडा पाडून ठेवला होता. "उचलू का, बाई?"

सुलभाने हात वर केला. "थांब. चार आणि पुन्हा नेमके चार? पाऊस असा मापून पडतो का?"

तिने फोन परत फिरवला. "गुरुजी, दोन्ही दिवस बाटली काठोकाठ होती का?"

"भरलेलीच होती की! चार इंच मावतं तिच्यात. मी अगदी थेंब न सांडता मोजलं."

"आणि बाहेरच्या डब्यात? बाटली ज्यात ठेवतो त्यात?"

"त्यात होतं थोडं सांडलेलं. ते कसलं मोजायचं? शेवंतीला घातलं."

सुलभाने डोळे मिटले. बाटली भरली की वरचं पाणी त्या डब्यात उतरतं. डबा त्याचसाठी असतो.

"किती होतं, गुरुजी? तांब्याभर?"

"दोन्ही दिवस अर्धा अर्धा असेल. जास्तही असेल. कुणी बघितलंय?" मग त्यांचा आवाज उतरला. "अरे देवा! तेही पाऊसच का?"

अर्धा तांब्या म्हणजे त्या मापाच्या नरसाळ्यावर दीड इंच. दोन दिवसांचे तीन. अकरा आणि तीन, चौदा. पण शेवंतीच्या मुळात गेलेलं पाणी आता कोण मोजणार?

तिने सुरतेला वरिष्ठांना फोन लावला. देसाईसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले.

"बेन, तांब्यावर सरकारी रस्ता बंद ठेवणार तुम्ही? कागदावर अकरा आहेत. इथे सुरतेत कडकडीत ऊन आहे. उघडून टाका."

"साहेब, कागदावरचा आकडा बाटलीचा आहे. पावसाचा नाही."

"नियम तुम्ही नाही केला."

"नियम बारा इंच पावसाचा आहे, साहेब. आपण पाऊस मोजलाच नाही. मोजला ती बाटली."

"ऐका," साहेबांचा आवाज बदलला. "बसचे मालक इथे ओरडतायत. तुमची कायम होण्याची फाइल माझ्या टेबलावर आहे, एवढं लक्षात असू द्या."

"ती असू दे तिथे. तुम्हाला उघडायचं असेल तर तारेने लेखी हुकूम पाठवा, तुमच्या सहीचा. माझ्या तोंडून निघणार नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तार आली नाही.

बसमधली माणसं उतरून दांड्याशी आली होती. पुढे रंभाबाई, कापडात बांधलेला कानबाईचा नारळ छातीशी धरून.

"काय वो पोरी, आभाय उघडनं, ऊन पडनं, तुले दखाय नही का? आमना रस्ता कसाले अडावस?"

"दिसतंय ना, मावशी. त्याला मी सकाळीच अर्घ्य दिलंय, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण तो डोंगराच्या आत पोचत नाही."

"डोंगर काय साखरना से, इरघयी जायी?" मागून पंडित म्हणाला. तो बसचा म्होरक्या. सगळे हसले.

सुलभाही हसली, पण दांड्यावरचा हात काढला नाही. "विरघळत नाही, घसरतो. वर मुरमाची माती, खाली कातळ. सहा दिवसांचं पाणी मुरून कातळावर अडलंय. कणाकणाच्या फटीत भरलंय, आणि मातीचं वजन आतून उचलून धरतंय. जी माती कातळाला घट्ट धरून बसायची तिची पकड सुटते. पाऊस थांबला म्हणून ते पाणी लगेच जात नाही. वरची ओल खाली उतरतच राहते."

तिने त्यांना रस्त्याकडेच्या गटाराशी नेलं. डोंगरातून झिरपणारं पाणी एरवी नितळ असायचं. आज ते तांबूस, गढूळ येत होतं. माती घेऊन येत होतं.

पंडितने बोट बुडवलं, पुसलं. "आनि दरड नही पडनी, ते?"

"तर नाही पडली. नियम पडेलच असं म्हणत नाही. पडू शकते, एवढंच म्हणतो. तुम्हाला खाली ठेवायला मला तेवढं पुरतं."

"आमनी कानबाईनं काय? तिनी वेळ चुकाडशी तू?" रंभाबाईंनी नारळ आणखी घट्ट धरला. "दर साल मना घरमाच बसस ती माय. आज पहिलांदा..."

व्रत चुकणं काय असतं ते सुलभाला ठाऊक होतं. तरी शब्द तोच राहिला. "मावशी, शिव्या द्या. दांडा उचलणार नाही."

रंभाबाईंनी दिल्याही, भरपूर. मग त्यांनी चौकीत डोकावून पाहिलं. "चूल से ना आठे? गहूनं पीठ से आमनाजवय. तो ओटा धुई काढ. कानबाई आठेच बशी."

राघोने पाट आणला. बसवाल्यांनी रानातून फुलं आणली. ओट्यावर कानबाई बसली, रोट भाजले गेले, बायका गात राहिल्या. सुलभा पीठ मळायला बसली, तेव्हा रंभाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "पानी कमी घाल. तुले पानीनं माप कयस ना?"

दरड पडली नाही. सोमवारी कानबाईचं विसर्जन ओढ्यात झालं, दिवस कोरडा गेला. मंगळवारी सकाळी सुलभा राघोला घेऊन तिसऱ्या वळणापर्यंत चालत गेली. कुठे भेग नव्हती, झाडं सरळ उभी होती, गटारातलं पाणी निवळलं होतं. खाली येऊन तिने स्वतः दांडा उचलला.

त्याच वेळी सुरतेहून लेखी विचारणा आली. अकरा इंच पाऊस असताना घाट का बंद ठेवला? सुलभाने उभ्या उभ्याच उत्तर लिहिलं, दोन ओळींचं. पाऊस अकरा नव्हता. तो किती होता ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून बंद ठेवला. गुरुजींनी आजपासून डब्यातलंही पाणी मोजायचं, तसा हुकूम काढावा.

"इतकं तोडून लिहू नका, बाई," राघो कुजबुजला. "नोकरी कच्ची आहे."

"वाकवून लिहिलं तर पाऊस कमी होतो का?"

बस सुरू झाली. रंभाबाईंनी खिडकीतून रोटाचा तुकडा तिच्या हातात ठेवला. "दरड ते पडनी नही! फुकट अडायं आमले दोन दिन." मग डोळे बारीक करून विचारलं, "पुढला साले बी अशीच अडावशी का?"

"बाटली ओसंडली," सुलभा म्हणाली, "तर अडवीन."