फोटोखालची दुसरी ओळ

दामूअण्णांच्या छापखान्यात शिरताना नलू नेहमी मंदाला उजव्या कडेवर घ्यायची, कारण डावीकडे छपाईच्या खिळ्यांच्या केसी, कप्प्याकप्प्यांच्या पेट्या, होत्या आणि शिशाचा खिळा पोरीच्या तोंडात जायला किती वेळ लागतो? पण त्या दिवशी मंदा कडेवर नव्हती. तिला ताप होता आणि शेजारच्या रखमाकाकूंच्या मांडीवर ती झोपली होती. म्हणून नलूचं अर्धं लक्ष घरी होतं.

"वहिनी, ब्लॉक आला," दामूअण्णा म्हणाले. "काल मुंबईहून पार्सल उतरलं. हे बघा."

लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा त्यांनी तिच्या हातात ठेवला. त्याच्यावर ठिपकेच ठिपके. डोळ्यांपाशी धरला तर काही दिसेना, हात लांब केला तेव्हा आरशातल्यासारख्या उलट्या बाजूंना बसलेल्या दोन बायका दिसल्या, दोघींच्या मांडीवर एकेक पोर.

नलू हसली. पंधरा वर्षांनी ती असं हसत होती, असं तिच्या नवऱ्याचं, दिनानाथांचं म्हणणं होतं. लग्नाला चारच वर्षं झालेल्या माणसाला हे कुठून कळलं, कोण जाणे.

फोटोतली दुसरी, सोमी, तिला भेटली ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत. नलूच्या पुढे एक बाई उभी होती, पायांना खडीची पांढरी धूळ, कडेवर चारएक वर्षांची रडवेली मुलगी. बाईनं कुंपणाबाहेरच्या माडाची एक पात ओढली, मधला कडक हीर काढून टाकला, पात बोटाभोवती तिरकी गुंडाळत नेली आणि शेवटी एक काटा टोचून पिपाणी केली. काटा टोचायच्या आधी तिनं तो दातांत धरला, आणि तिचं तोंड दिसावं म्हणून नलू रांगेतून बाजूला झाली. असा काटा दातांत धरून पिपाणी करणारी एकच मुलगी तिनं पाहिली होती. माहीमला, मुंबईच्या नव्हे, इकडच्या किनाऱ्यावरच्या, अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, पानवेलींच्या वाडीत दरवर्षी पावसाळा सरला की मनोरकडच्या डोंगरातून एक कुटुंब कामाला येई आणि वाडीतल्याच झोपडीत राही. त्यांची सोमी आणि ही नलू, दोघी अकरा वर्षांच्या होईपर्यंत एका पाटाच्या पाण्यात पाय बुडवून बसल्या होत्या. मग एका वर्षी ते आले नाहीत. अण्णांनी दुसरी माणसं लावली. नलू मात्र दिवाळीपर्यंत वाडीच्या तोंडाशी उभी राहायची.

"सोमी?"

बाईनं मान वळवली. पिपाणी तशीच ओठांत.

"मी नलू. माहीमची."

"तू तर बायको झालीस गो कोणाची," सोमी म्हणाली, आणि रांगेतली सगळी माणसं हसली. "आणि जाड पण झालीस."

त्या दिवशी दोघी दवाखान्याच्या पायरीवर दुपारपर्यंत बसल्या. सोमी बोईसर-तारापूर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तिकडे, रस्ते रुंद होत होते. मुक्काम सरावलीला, कामगारांच्या झोपड्यांत. मुलीचं नाव भागी.

"आणि हिचा बाप?"

"जिव्या? तो तिकडंच, मनोरच्या अंगाला." सोमीनं पदर खांद्यावरून सरकवला. खांद्यावर जुनी, रुंद खूण होती. "पाठचा पाऊस लागायच्या आत निघाले. पोरीला घेतली न् निघाले. त्याला ठाव नाय मी कुठं हाय. कोणाला नाय."

"बरं केलंस," नलू म्हणाली. पुढच्या वेळी तिनं भागीसाठी जुन्या साडीचा झगा शिवून नेला, मग गूळ, मग घोंगडी. आणि एके दिवशी हट्टानं तिला स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत नेलं. पडद्यावर रंगवलेलं कारंजं होतं. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून ओरडला, "पोरींना मांडीवर घट्ट धरा, हलल्या तर भुतं दिसतील!" सोमीनं भागीला इतकं घट्ट धरलं की ती किंचाळली.

दामूअण्णांच्या साप्ताहिकात नलू दर आठवड्याला गृहिणींसाठी अर्धा रकाना लिहायची. एक जाहिरात गळाली, दोन रकाने रुंदीची जागा मोकळी पडली, आणि फोटो पाहून दामूअण्णाच म्हणाले, "हा देऊ. ब्लॉक मी करून घेतो. खाली दोन ओळी तुम्ही द्या." नलूनं सोमीला विचारलंही होतं.

"छापू का गं आपला फोटो?"

"छाप की. आमची माणसं कागद कुठं वाचतात?" सोमी म्हणाली होती, आणि तिचं तिलाच हसू आलं होतं.

आता दामूअण्णांनी मजकुराचा कागद खिळ्यांच्या पेटीवर टेकवला, डाव्या हातात स्टिक, ओळ बसवायची पट्टी, धरली आणि जुळवायला लागले. खिळे उलटे, ओळ डावीकडून. त्यांचा हात केसीकडे न बघता जाई, मात्रा, वेलांटी, रफार बरोबर उचलून आणी. दोन ओळी झाल्या तशा त्यांनी दोरीनं बांधल्या, ब्लॉकखाली बसवल्या, शाईचा रूळ फिरवला, ओला कागद टाकून ब्रशनं ठोकला आणि प्रूफ सोलून तिच्यापुढे धरलं. फोटोखाली लिहिलं होतं:

हरवलेली सापडली! पंधरा वर्षांनी भेटलेल्या बालमैत्रिणी. डावीकडून
सौ. नलिनी राऊत व सोमी, मंदा व भागीसह.

"पहिली ओळ ब्लॉकच्या काठाला काठ बसली," दामूअण्णा चष्मा वर सारत म्हणाले. "दुसरी बघा, आखूड पडते. चित्राचा एक पाय तुटल्यासारखं दिसतं. नाहीतर मधोमध घेतो, दोन्ही अंगांना कोरे खिळे, क्वाड, भरून. चालेल तसंही."

नलूनं पाहिलं. खरंच, उजवीकडे, सोमीच्या बरोबर खाली, मोकळं दिसत होतं. तिच्या बाजूला सौ. होतं, आडनाव होतं. सोमीच्या बाजूला काहीच नव्हतं. नुसतं सोमी. जसं कोणी कुठली नाहीच.

"आणखी किती अक्षरं मावतील?"

दामूअण्णांनी बोटांनी मोजलं. "बारा-चौदा. कोण, कुठली, आता कुठं असते. वाचणारा तेच विचारतो, वहिनी."

मनोर लिहायचं नाही हे तिला कळत होतं. तेवढी ती शहाणी होती. बाहेर टांग्याची घंटा वाजली आणि तिला वाटलं, मंदाचा ताप चढला असेल, रखमाकाकू निरोप पाठवतील. तिनं दामूअण्णांची पेन्सिल घेतली आणि प्रूफवर, पूर्णविराम खोडून, लिहिलं: (सध्या मु. सरावली).

"फक्कड," दामूअण्णा म्हणाले. चिमट्यानं क्वाड उपसून त्यांनी खिळे भरले. दुसरं प्रूफ काढलं. काठाला काठ.

घरी पोचली तेव्हा मंदाचा ताप उतरला होता.

अंक निघाला. दिनानाथांनी शाळेतल्या मास्तरांना दाखवला. अण्णांनी माहीमहून पत्र पाठवलं, की सोमीच्या बापाच्या हातची पानवेल अजून कुणाला जमत नाही. नलूनं एक अंक सोमीसाठी जपून ठेवला, गादीखाली, चुरगळू नये म्हणून.

तेराव्या दिवशी, दुपारची, सोमी दारात उभी राहिली. एकटी. नलू उठली तीच अंक काढायला.

"बस गं. तुला दाखवायचाय."

"बघितला मी, मुकादमाजवळ." सोमी उंबऱ्यावरच बसली. "भागीला नेली."

"कुठे?"

"जिव्यानं. परवा. मी कामावर होते, पोर शेजारच्या म्हातारीजवळ, ठकीजवळ. तिघं आले न् विचारलं, मनोरची सोमी कुठं ऱ्हाते. ठकी सांगते, मी नाय दिली, पण तो बोलला बाप हाय मी. मग काय करील म्हातारी? पोरगी पण गेली बापाच्या खांद्यावर बसून. तिला काय कळतं?"

नलू मंदाकडे पाहत होती. मंदा कोपऱ्यात पातेल्यावर पळी वाजवत होती.

"त्याला कसं कळलं?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच गादीकडे पाहिलं.

"कामावरचा एक मनोरचा बाजार करून आला, त्यानं सांगितलं. वाण्यानं जिव्याला मिरच्या बांधून दिल्या. कागदात. त्यात मी होते." सोमीनं हातानं चौकोन केला. "वाण्याला बोलला, ही माझी बायको, हिच्याखाली काय लिवलंय ते वाच. वाण्यानं वाचलं. दोनदा वाचून घेतलं त्यानं. बाजारात सांगत फिरतोय, बघा, हरवलेली सापडली." तिनं मान वर केली. "तू वाच. मला पण ऐकू दे."

नलूनं गादीखालून अंक काढला. तिनं वाचलं. डावीकडून. सौ. नलिनी राऊत व सोमी. मंदा व भागीसह. सध्या मुक्काम सरावली.

"यात सरावली कुठं हाय?"

नलूनं बोट ठेवलं.

"एवढंसं?" सोमी वाकून बघत राहिली. "हे कशाला घातलंस गो?"

ओळ आखूड पडत होती. हे तिला कसं सांगायचं? तरी नलूनं सांगितलं. खोटं सांगायला दुसरं काही सुचलंच नाही. जागा मोकळी दिसत होती, तुझ्या बाजूला, मला वाटलं तुझंही काहीतरी असावं. घाईत होते, मंदाला ताप होता. छापखान्यातले दामूअण्णा म्हणत होते मधोमध घेऊ, मीच...

सोमीनं ऐकलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पोलिसात जाऊ," नलू म्हणाली. "हे येतील आत्ता शाळेतून. हे अर्ज लिहितील."

"अजून लिवतेस?" सोमी म्हणाली. मग तिनंच आवाज खाली घेतला. "आमचे पंच बोलतील, पोर बापाची. तुझा पोलीस पण तेच बोलेल. पाच वाजताची एसटी हाय मनोरची. जाते."

"त्याच्याकडे? तो मारील तुला."

"मारील." सोमीनं पायाचा अंगठा फरशीवर घासला. "तुझी असती तर तू नसतीस गेली?"

पातेल्याचा आवाज थांबला होता. नलूनं दचकून मागे पाहिलं. मंदा होती, तिथेच होती.

"मला तो फोटो दे," सोमी म्हणाली. "भागी हाय त्यात. तिथं मला तिला भेटू देतील, नाय देतील, ठाव नाय. पण लिवलेलं नको. लिवलेलं काप."

नलूनं शिवणाच्या डब्यातून कात्री घेतली. आधी फोटो तीन बाजूंनी कापला, मग खालून, ब्लॉकच्या काठाला लागून. काठ सरळ होता. ओळी इतक्या नेमक्या बसल्या होत्या की कात्री कुठेही वाकडी गेली नाही. सोमीनं कागद घडी न घालता पदराच्या आत छातीशी ठेवला.

दाराबाहेर पडताना तिनं मंदाच्या डोक्यावरून हात फिरवला. अंगणातल्या माडाकडे क्षणभर पाहिलं, पण पात ओढली नाही.

"परत ये," नलू म्हणाली.

"तू नको शोधू," सोमी म्हणाली, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.

नलू उभीच राहिली. मागे वळली तेव्हा मंदानं जमिनीवर पडलेली, त्या दोन ओळींची कागदाची पट्टी उचलून तोंडात घातली होती. नलूनं धावत जाऊन बोट घालून ती काढली. मंदा रडायला लागली, मूठ उघडेना. पट्टीचा एक तुकडा नलूच्या हाती आला, एक मंदाच्या मुठीत राहिला, आणि कुठल्या तुकड्यावर काय आहे हे बघायचं धाडस तिला झालं नाही.