पासष्टच्या पातळीवर

चिऊ परीक्षा देऊन आली ती चप्पल काढता काढताच बोलायला लागली. कॉलेजात कायम प्राध्यापक होण्यासाठीची ही परीक्षा ती तिसऱ्यांदा देत होती. पहिल्या दोन वेळा काठावर हुकली होती. मधली वर्षं कंत्राटावर शिकवण्यात गेली. दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज.

"मावशी, तुझा तो कण कोंडलेला डबा आला होता पेपरात," ती म्हणाली. "लांबी रुंदीच्या दुप्पट असलेला. एक-चारची अवस्था दिली होती आणि विचारलं होतं, त्या पातळीवर एकूण अवस्था किती. मी एक लिहिलं. तुझी अर्ध्यात कापायची युक्ती लावली, अर्ध्या मिनिटात मोकळी."

मावशी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान डोलावली आणि "पाणी पी आधी" म्हटलं. क्वांटम मेकॅनिक्स शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली होती. पण निवडलेली भाजी हातात असताना गणित करायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी तो विषय तिथंच राहिला.

चिऊ ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा चिऊ दुसऱ्या इयत्तेत होती. बापानं दुसरा संसार मांडला आणि पोर मावशीच्या पदरात आली. मावशींनी लग्न केलं नव्हतं, मुलांची हौसही कधी बोलून दाखवली नव्हती. पण चिऊला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं.

उत्तरतालिका जाहीर झाली. त्या प्रश्नाचं उत्तर तिथंही एक असंच होतं. चिऊनं आपले गुण मोजले आणि यंदा आपण यादीत बसतो असं तिला वाटायला लागलं. ती तसं बोलली नाही. फक्त स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली. कितीतरी वर्षांत मावशींनी ते ऐकलं नव्हतं.

मग परीक्षा मंडळाचा फोन आला. काही प्रश्नांवर उमेदवारांनी हरकती घेतल्या होत्या, आणि भौतिकशास्त्राच्या तज्ज्ञ समितीतले एक गृहस्थ आजारी पडले होते. मावशींनी यावं. मावशींनी पहिल्याच वाक्याला सांगून टाकलं, "माझी भाची या परीक्षेला बसली आहे."

"नियमात नवरा-बायको आणि स्वतःची मुलं आहेत, मॅडम," पलीकडून उत्तर आलं. "भाची नाही. आणि क्वांटमचं बघणारं दुसरं कोणी आत्ता मिळत नाही."

समिती तिघांची होती. अध्यक्ष करड्या आवाजाचे, सतत घड्याळाकडे बघणारे. दुसरे घनपदार्थ शिकवणारे एक सर, मावशींपेक्षा वयानं लहान, स्वभावानं मऊ. लांबट टेबल, खिडकीला जाड पडदे, मधोमध चहाची किटली. फोन बाहेर ठेवून घेतले होते. सकाळभर हरकती भराभर निकालात निघाल्या. मग अध्यक्षांनी पुढचा कागद सरकवला आणि मावशींनी प्रश्न वाचला.

एका चौकटीत बंद केलेला कण. एक बाजू दुसरीच्या दुप्पट. भिंती अशा, की कणाला बाहेर पडता येत नाही. अशा कणाची अवस्था दोन पूर्णांकांनी ठरते, एक लांबीच्या दिशेचा, एक रुंदीच्या. ऊर्जा काढायची तर पहिल्याचा वर्ग घ्यायचा आणि त्यात दुसऱ्याच्या वर्गाची चौपट मिळवायची. बाकीचं एकक बाजूला ठेवता येतं. एक-चारसाठी एक अधिक चौसष्ट, म्हणजे पासष्ट. एवढीच ऊर्जा असलेल्या एकूण अवस्था किती, ते सांगायचं होतं.

"तालिकेत एक आहे," अध्यक्ष म्हणाले. "पेपर काढणाऱ्यांचं कारण जोडलंय. लांबीचा आकडा विषम आहे, म्हणून त्याच ऊर्जेचा जोडीदार नाही."

मावशींना ते कारण वाचायची गरजच नव्हती. ती त्यांची स्वतःची युक्ती होती, निदान तिचा अर्धा भाग. वर्गात त्या फळ्यावर लांबट चौकोन काढायच्या आणि मधोमध उभी रेघ मारायच्या. लांबीचा आकडा सम असेल तर कणाची लाट बरोबर त्या रेघेवर शून्य होते. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक चौरस उरतो. चौरसात दोन आकड्यांची अदलाबदल केली तरी ऊर्जा तीच राहते. म्हणून चार-एक आणि दोन-दोन या वेगळ्या अवस्था, पण दोघींची ऊर्जा वीसच. लांबीचा आकडा विषम असेल तर लाट मधल्या रेघेवर शून्य होत नाही आणि ही युक्ती चालत नाही. एवढंच त्या शिकवायच्या. युक्ती चालत नाही म्हणजे जोडीदार नसतोच, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. पण ऐकणाऱ्याला तसं ऐकू येणं किती सोपं होतं, हे त्यांना त्या टेबलाशी बसल्यावर कळलं.

त्यांनी पेन्सिल घेतली. पासष्टमधून रुंदीच्या आकड्याच्या वर्गाची चौपट वजा करत गेल्या. एकला एकसष्ट उरले, तो वर्ग नव्हे. दोनला एकोणपन्नास. पेन्सिल थांबली. एकोणपन्नास म्हणजे सातचा वर्ग. तीनला एकोणतीस, नाही. चारला एक, ती दिलेलीच अवस्था. पाचला शंभर, पासष्टच्या पलीकडे. म्हणजे एक-चार आणि सात-दोन. एक नव्हे, दोन.

"हरकत बरोबर आहे," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

घनपदार्थवाल्या सरांनी कागद ओढून घेतला, स्वतः करून पाहिलं. "खरंच की. पण ही जोडी अदलाबदलीतून येत नाही. सममितीचा काही संबंधच नाही इथं."

"नाही. आकड्यांनीच जुळून आलीय. पण ऊर्जा एक म्हणजे पातळी एक. ती कुठून आली हे प्रश्नात विचारलेलं नाही."

सरांनी कागद परत सरकवला. "मॅडम, मला वाटतं हा प्रश्न रद्द करावा. पेपर काढणारेच फसले, तर पोरांना काय दोष द्यायचा? सगळ्यांना गुण देऊन टाकू. कुणाचंच वाईट होणार नाही."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मला चालेल. मॅडम, तुम्ही म्हणाल तसं."

मावशींनी कपाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, नियमाबाहेरचंही नव्हतं. सुचवलं दुसऱ्यानं होतं, आणि चांगुलपणानं. चिऊचा गुण शाबूत राहिला असता. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं त्यांच्या कानात होतं.

"माझ्या भाचीनं याचं उत्तर एक लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मला हे ठाऊक आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं."

अध्यक्षांनी घड्याळावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"प्रश्न रद्द कधी करतात? संदिग्ध असला तर. दोन उत्तरं निघत असतील तर. यात तसं काही नाही. एकच उत्तर आहे आणि ते शाळेतल्या वजाबाकीनं निघतं. ज्यांनी बसून ती वजाबाकी केली, त्यांना न करणाऱ्यांच्या ओळीत कसं बसवायचं? तालिका चुकली आहे, ती दुरुस्त करावी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "माझ्या शब्दावर जाऊ नका. दोघांनी वेगवेगळं करून बघा आणि मगच सह्या करा."

दोघांनी केलं. सह्या झाल्या.

त्यानंतरचे दिवस मावशींना फार जड गेले. समितीतलं बाहेर बोलायचं नव्हतं. चिऊ नव्या नोकरीत काय काय करायचं ते हळूहळू बोलायला लागली होती: मावशीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, घराला रंग. मावशी "बघू" म्हणायच्या. एकदा तर जेवताना त्या अर्ध्यातून उठल्या. चिऊला वाटलं, पोट बिघडलं.

सुधारित तालिका आणि निकाल एकदमच लागले. चिऊ एका प्रश्नानं हुकली होती.

ती बराच वेळ कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. मग तिनं कागद घेतला. मावशी दारात उभ्या होत्या. चिऊनं वजाबाकी केली, दुसऱ्याच ओळीत थांबली आणि आकड्याखाली रेघ मारली.

"सात-दोन," ती म्हणाली. "समोर होतं. मी बघितलंच नाही."

"चिऊ."

"तू होतीस ना समितीत? तू दिवसभर गेली होतीस त्या दिवशी."

"हो."

"तुला तेव्हापासून माहीत होतं."

"हो. सांगता येत नव्हतं."

चिऊनं मान हलवली. राग आलेला दिसत नव्हता, त्यापेक्षा वाईट काहीतरी दिसत होतं. मावशींना वाटलं, इथंच थांबावं. पण सोळा आणे सांगितल्याशिवाय त्यांना जमायचं नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"आणखी एक आहे. प्रश्न रद्द करावा असं एकानं सुचवलं होतं. सगळ्यांना गुण मिळाले असते. मी नको म्हटलं."

चिऊ त्यांच्याकडे बघत राहिली. "हे नसतं सांगितलंस तर चाललं असतं मावशी," ती शेवटी म्हणाली. "खरंच चाललं असतं."

पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. चिऊ भांडली नाही, आदळआपट नाही. चहा दोघींचाच करत राहिली. पण कप मावशींच्या पुढ्यात ठेवून आपला आत घेऊन जायची. पावसाळ्याच्या आधी तिला लांबच्या एका लहान कॉलेजात पुन्हा कंत्राटच मिळालं. रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं तिथं खोली घेतली. मावशींनी बॅग भरायला मदत केली. निघताना चिऊ पाया पडली, डोळ्याला डोळा दिला नाही. दार लावल्यावर मावशी पहिल्यांदाच रडल्या, उभ्या उभ्या, दाराला टेकून.

फोन यायचे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का. त्यापलीकडे नाही.

एका दुपारी मात्र फोन वेगळ्या वेळी आला. चिऊ जरा धापा टाकत होती, वर्गातून नुकतीच बाहेर पडलेली असावी.

"मावशी, आज डबा शिकवला. अर्ध्यात कापून दाखवला. एक मुलगी लगेच म्हणाली, म्हणजे विषम असेल तर एकटाच ना, मॅडम?"

"मग?"

"मी म्हटलं, युक्तीनं मिळतो तेवढाच जोडीदार युक्ती दाखवते. बाकीचे मोजून बघावे लागतात. सगळ्यांना पासष्ट करायला लावलं." ती थांबली. "बरोबर सांगितलं ना?"

"माझ्यापेक्षा नीट सांगितलंस."

मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू केलंस ते बरोबर होतं, हे मला कळतं," चिऊ म्हणाली. "पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण मला ते अजून चांगलं वाटत नाही. उगाच वाटतं म्हणून सांगणार नाही मी."

"नको सांगूस."

"तुला चालेल?"

"मला कुठं चांगलं वाटलं होतं गं," मावशी म्हणाल्या.

पलीकडं घंटा झाली. चिऊ म्हणाली, तास आहे, जाते. मावशींनी विचारलं, सुट्टीत येशील का. बघते, म्हणाली ती, आणि फोन ठेवण्याआधी कोणत्या गाडीनं यायचं ते तिनं विचारून घेतलं.