चढावरचा दगड

१९९८ साल. माझी धाकटी जाऊ गौतमी हिला शिरूरच्या एका महिला संस्थेत गाडी चालवायची नोकरी ठरली होती. अट एकच, सोमवारपर्यंत पक्कं लायसन्स. नाहीतर जागा दुसरीला. गुरुवारी परीक्षा होती आणि तिला गाडी चढावर उचलता येईना.

शिकवणारे हौसरावमामा, एसटीतून रिटायर झालेले. त्यांच्या जुन्या गाडीचा हँडब्रेक ढिला. म्हणून घोडनदीकडच्या चढावर ते मागच्या चाकाला दगड लावत. गौतमी ब्रेकवरचा पाय काढी, गाडी दगडाला टेके, ती घाबरून क्लच झटकन सोडी आणि इंजिन बंद. दिवसात वीस वेळा. मी मागच्या सीटवर बसून पदर मुठीत धरायची.

मंगळवारी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मामा, परीक्षेत दगड कोण लावणार?"

मामा म्हणाले, "चूक माझी हाय. तिला दगडावर उभं राहायला शिकवलं, क्लचवर न्हाई."

त्याच दुपारी त्यांनी गॅरेजात हँडब्रेकची केबल आवळून घेतली. बुधवारी सकाळी चढावर गाडी थांबवून हँडब्रेक पुरता ओढायला लावला. पहिला गिअर. ॲक्सिलरेटर थोडा, आवाज एकसारखा राहील इतपत. मग क्लच अगदी हळू वर. आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं.

"हितंच पाय थांबव. आता गाडी पुढं जायला बघतीया, हँडब्रेकनं धरलीय. हँडब्रेक खाली सोड, ॲक्सिलरेटर थोडा वाढव, मग क्लच सोड."

गाडी सरळ वर गेली. पुढच्या खेपेला पुन्हा बंद पडली.

"बंद पडली तर पडू दे. आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक. मागं गेली तर खरं नापास."

गुरुवारी निरीक्षक साहेब तिच्या शेजारी बसले. आम्ही चढाखाली उभे. मामा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत, मी त्यांना बघत होते. गाडी चढावर थांबली आणि निघताना बंद पडली. पण चाक तसूभरही मागं आलं नाही. थोड्या वेळानं इंजिन पुन्हा सुरू झालं, आवाज जड झाला आणि गाडी वर निघून गेली.

साहेबांनी खाली येऊन फॉर्मवर सही केली. बंद पडल्याबद्दल तिला बोलले, पण गाडी घसरू दिली नाही म्हणून पास केलं.

शनिवारी लायसन्स हातात आलं, सोमवारी ती कामावर रुजू झाली. अकरा वर्षं तिनं संस्थेची गाडी दौंडपर्यंत चालवली; आता गुडघ्यांमुळे तिची स्वतःची गाडी लेक चालवते. मामा २००६ साली गेले. साहेबांची बदली झाली, पुढं काही कळलं नाही. मी कधी शिकले नाही. पण चढावर गौतमीच्या शेजारी बसून इंजिनाचा आवाज जड झाला की नकळत श्वास रोखायची.