नेटवर्कला कळवू नका

बढतीचं पत्र रोहिणीला गुरुवारी मेलवर आलं. आनंद तिला जेमतेम पत्र वाचून होईपर्यंत पुरला. पुढे काळजीच सुरू झाली.

ठिबक सिंचनाच्या कंपनीचं बीडचं ऑफिस म्हणजे बार्शी नाक्याजवळचे दोन गाळे. तिथं ती फील्ड ऑफिसर होती, आता एरिया मॅनेजर. या जागेसाठी मुलाखती दोघांनी दिल्या होत्या, तिनं आणि अजिनाथ अण्णांनी. अण्णा तिला बारा वर्षांनी सीनियर. शिरूर कासारचा हा माणूस. शेतकऱ्याच्या ओट्यावर आधी पाणी मागायचं, पाइपाचं नाव नंतर काढायचं, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. मोठ्या साहेबांचा फोन आला होता, "सोमवारच्या मीटिंगमध्ये मी जाहीर करतो. तोवर तोंडातून शब्द नको." अण्णा मात्र आपलंच होणार असं धरून चालले होते. शिपाई बंकटला त्यांनी पेढ्यांचं बोलूनही ठेवलं होतं.

शुक्रवारी पुण्याहून संस्कृतीचा फोन आला. कंपनीच्या जाहिराती आणि पोस्टी ती बघते.

"मॅडम, सोमवारी मीटिंग झाली की तुमच्यावर पोस्ट टाकणार आहे. लिंक्डइनवर तुम्हाला टॅग करीन. लोक लगेच प्रोफाइल उघडून बघतात, तिथं जुनं पद दिसलं तर हसं होईल. आधीच अपडेट करून ठेवा."

"पण ते सगळ्यांना जातं ना?"

"नेटवर्कला कळवण्याचं बटण असतं, ते बंद ठेवा. कुणाला काही जात नाही."

एवढं सोपं असतं तर रोहिणी घाबरली नसती. पण ऑफिसातल्याच प्रविणचं उदाहरण ताजं होतं. मागच्या वर्षी त्यानं ते बटण चालू ठेवून नवं पद टाकलं, तारीख चुकली म्हणून काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. प्रत्येक वेळी लोकांच्या फोनवर सूचना. डीलर विचारायला लागले, "प्रविणराव, एका आठवड्यात किती नोकऱ्या बदलल्या बे?" हसण्यावारी गेलं, कारण प्रविणच्या बढतीनं कुणाचं काही हिसकावलं नव्हतं.

रोहिणीच्या लिंक्डइनच्या यादीत डीलर होते, कृषी सहायक होते, कॉलेजच्या मैत्रिणी होत्या. त्यांची तिला फिकीर नव्हती. त्या यादीत अण्णा होते. त्यांचं खातं तिनंच उघडून दिलेलं, मराठी भाषा निवडून. सूचना गेली तर त्यांना आपली हार फोनवर वाचायला लागेल, हीच तिची भीती होती. सोमवारी मीटिंगनंतर बदलावं, तर पोस्ट आणि बदल एकदमच जाणार आणि त्या गडबडीत हात चुकणार. आत्ता बदलावं, तर कुणी सहज प्रोफाइल उघडलं तर? पण सहज कोण उघडतंय तिचं प्रोफाइल? सूचना आल्याशिवाय माणूस कुणाच्या दारात जात नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

दुपारी ऑफिस रिकामं असताना ती बसली. आधी बटण बंद. मग पुन्हा बघितलं, बंदच आहे ना. जुन्या पदावर तिनं नवं नाव चढवलं नाही, नाहीतर ती पहिल्या दिवसापासून मॅनेजर होती असं दिसलं असतं. त्याच कंपनीखाली नवं पद वेगळं जोडलं, चालू महिना टाकला, सेव्ह केलं. मग प्रविण परत आल्यावर निमित्त काढून त्याचा फोन मागितला आणि त्यात सूचना चाळल्या. तिचं नाव कुठंच नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं प्रविणला चहा पाजला. त्या बिचाऱ्याला कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

शनिवारी ती आणि अण्णा पालीला गेले, मोसंबीच्या बागेत बसवलेला ठिबकचा संच बघायला. बिंदुसरा धरणाच्या बाजूनं वारा येत होता. काम आटोपलं, मोटारीच्या खोलीच्या सावलीत दोघं बसले. अण्णांनी चष्मा लावला आणि फोन काढला.

"रोहिणी, एक काम करतो. आवंदा जागा माझी हाय, पण तुझं पुढल्या खेपेला व्हायलाच पायजे. त्या लिंक्डइनवर शिफारस लिवून देतो तुझी. वरच्या लोकांनी वाचली पायजे."

"कावून तरास घेता अण्णा, राहू द्या ना," ती एकदम म्हणाली. "उन्हात कुठं डोळ्याला ताण देता."

"सावलीत तर बसलोय!"

शिफारशीचा हा फॉर्म तिनं एकदा एका मैत्रिणीसाठी भरला होता. आधी नातं विचारतो, तुम्ही वरिष्ठ होता का हाताखाली होता. आणि मग विचारतो, त्या वेळी या व्यक्तीचं पद कोणतं होतं. तिथं यादी उघडते. प्रोफाइलवर जेवढी पदं, तेवढी सगळी. शुक्रवारी तिनं जगभराचा विचार केला होता, पण कुणी आपलं भलं करायला त्या दारातून येईल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अण्णा, थांबा, मला तुमाला काई सांगायचंय..."

"मी तुझा सीनियर, हे दाबलं," अण्णा म्हणत होते. "आता पद. दोन दावतंय की." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "फील्ड ऑफिसर. आन् वर हाय..."

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही.

रोहिणीनं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. पत्र, साहेबांची ताकीद, संस्कृतीची पोस्ट, बंद केलेलं बटण. "तुमाला फोनवर कळू नये म्हणून केलं अण्णा. लई भ्याले मी."

"आन् कसं कळणार होतं?"

"सोमवारी. मीटिंगमधी साहेब सांगणार होते."

"मीटिंगमधी." अण्णांनी चष्मा काढला. "धा-पंधरा जणांच्या म्होरं. बंकट पेढे घेऊन दारात उभा. माझं तोंड कसं झालं असतं, ह्याचा इचार केलता का तू? फोनवर कळलं असतं तर निदान एकटा तरी असतो."

तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. सूचना जाऊ नये म्हणून एवढी मरमर केली, आणि माणसाला सांगायचं राहून गेलं.

अण्णा उठले. नळीच्या पाण्यानं तोंड धुतलं. परत आले, ते फोन घेऊन बसले. एका बोटानं लिहीत राहिले.

तिचा फोन वाजला. शिफारस आली होती. 'ही पोरगी शेतकऱ्याशी खोटं बोलत नाही. पाइप विकण्याआधी जमीन बघते. हिच्या हाताखाली काम करायला मला कमीपणा वाटत नाही.' पद वरचं निवडलेलं होतं. नात्याच्या ओळीत त्यांनी आधीचं 'सीनियर' काढून टाकलं होतं. तिथं होतं, अजिनाथ थेट रोहिणीच्या हाताखाली काम करतात.

"अण्णा, हे अजून खरं कुठंय? सोमवारपासून..."

"आत्ताच लाव तुझ्या प्रोफाइलवर," अण्णा म्हणाले. "शिफारशीखाली तारीख येती ना? आजची दिसली पायजे. सोमवारी साहेब बोलला की सगळे माझ्याकडं बघणार. मग मी म्हणीन, मला कवाच ठावं होतं, शनवारीच लिवून दिलंय, बघा उघडून. माझी अब्रू ऱ्हाईल."

तिनं शिफारस स्वीकारली. या वेळी कुणाला कळेल याची भीती नव्हती.

अण्णांनी पिशवी उचलली आणि गाडीकडं निघाले. चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाले, "चला मॅडम, बबनरावाचा प्लॉट ऱ्हायलाय अजून."

एवढ्या वर्षांत त्यांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. ते तिला फार लागलं, आणि तरी तिला त्यांच्या मागं जावंच लागलं.